आई वाळताना पिल्लू किती इंचांचं असावं?

दिवाळीच्या सुमारास शहरातल्या कुठल्याही मोठ्या नर्सरीत गेलं, की समोरच्या फळीवर तांबडी गुझमानिया हमखास मांडलेली असते. रुंद, चकचकीत हिरवी पानं, त्यांच्या मधोमध उभा राहिलेला लालभडक तुरा, आणि दिवाणखान्यातल्या अर्धवट उजेडातही चार-पाच महिने न उतरणारा रंग. भेट द्यायला हे झाड लोकांना आवडतं ते यामुळेच. मग फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तुऱ्याच्या टोकाला तपकिरी झाक येते, लाल रंग विटत जातो, बाहेरची एक-दोन पानं पिवळी पडतात. घरातलं माणूस घाबरून पाणी वाढवतं, चमचाभर खत घालतं, कुंडी उन्हात नेऊन ठेवतं. झाड आणखी खालावतं. शेवटी एका रविवारी कुंडीसकट त्याची रवानगी कचऱ्यात होते.

त्याच वेळी त्या झाडाच्या खालच्या दोन पानांच्या बेचक्यात नखाएवढं एक हिरवं टोक वर आलेलं असतं, आणि ते कुणी पाहिलेलं नसतं.

गुझमानिया ही ब्रोमेलियाड कुळातली. हे कूळ साडेतीन हजारांच्या आसपास जातींचं आहे, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात वाढणारी एक जात सोडली तर सगळीच्या सगळी अमेरिका खंडातली आहे. गुझमानियाचं मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली दमट जंगलं. तिथे ती बहुतेक वेळा जमिनीवर नसतेच, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसलेली असते. बांडगुळासारखी ती त्या झाडाचा रस शोषत नाही, नुसती बसायला जागा घेते. मुळं फांदीला धरून ठेवण्यापुरती, आणि बरंचसं पाणी-अन्न पानांच्या बुडाशी तयार झालेल्या पेल्यातून. ही सवय लक्षात ठेवली की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

या कुळातलं एक झाड महाराष्ट्राला आणि गोव्याला चांगलं ओळखीचं आहे. ते म्हणजे अननस. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो भारतात आणला, आणि दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा शब्द पोर्तुगीज भाषेच्या वाटेने मराठीत येऊन ‘अननस’ झाला. ज्यांनी परसात अननस लावलाय त्यांना गुझमानियाचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. ज्या गड्ड्याला फळ धरलं त्या गड्ड्याला पुन्हा फळ येत नाही. फळ काढल्यावर बाजूने फुटवे येतात आणि पुढचं पीक त्यांचं असतं. केळीचंही असंच. जळगावकडचा शेतकरी घड उतरवल्यावर खोड पुन्हा विईल म्हणून वाट बघत नाही. तो राखलेल्या पिलाकडे बघतो, आणि त्या पिलांच्या बागेला ‘पीलबाग’ असं नावही आहे. गुझमानिया ही घरातल्या कुंडीतली पीलबागच म्हणायची.

आता हे मरण येतं कशामुळे? पाणी कमी पडलं म्हणून नाही, कीड लागली म्हणूनही नाही. झाडाच्या मधोमध, पेल्याच्या तळाशी, वाढीचा एकच शेंडा असतो. नवं पान तिथूनच निघतं. झाड वयात आलं की हाच शेंडा पानं काढायचं थांबवतो आणि तुऱ्याचा दांडा होतो. एकदा तो तुरा झाला की परत पान व्हायचा नाही. म्हणजे ज्या दिवशी नर्सरीत तुरा डोलताना दिसला, त्या दिवशीच त्या गुच्छाला शेवटचं पान येऊन गेलेलं असतं. जी पानं आहेत ती काही काळ टिकतील, अन्न तयार करतील, आणि एकेक करून वाळतील. याला साधारण वर्ष लागतं, कधी दोन. आपल्याला लाल दिसतात ती फुलंही नव्हेत. बोगनवेलीसारखीच ती रंगलेली पानं आहेत. खरी फुलं त्यांच्या आत लपलेली, पिवळसर-पांढरी, आणि एखाददुसऱ्या दिवसात मावळणारी.

मुख्य शेंडा संपला, तरी उसाच्या कांडीवर असतात तसे डोळे प्रत्येक पानाच्या बगलेत असतात. शेंडा जोमात होता तोवर त्याने या डोळ्यांना दाबून ठेवलेलं असतं. तो थांबला की दाब उठतो, आणि बुडाजवळचे एक-दोन डोळे जागे होतात. तेच पिल्लू.

म्हणून आईचं वाळणं हा आजार नाही. ती हिरवी आहे तोवर तिच्या पानांत तयार होणारी साखर पिलाकडे जात असते. ब्रोमेलियाड वाढवताना सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच. आई कुरूप दिसते म्हणून लोक तिची हिरवी पानं छाटतात, किंवा पिल्लू दिसल्या दिसल्या ते कापून वेगळं करतात. दोन्हीमुळे पिल्लाचं दूधच तुटतं.

एक झाड घेऊन हा हिशेब महिन्यांत मांडून पाहू. समजा पुण्यातल्या एका गॅलरीत नोव्हेंबरमध्ये तांबडी गुझमानिया आली. पानं साधारण पंधरा इंच लांब. मार्चअखेर तुऱ्याचा रंग उतरला. आता करायचं काम एकच, तुऱ्याचा दांडा धारदार सुरीने जमेल तितका खालून कापायचा. दांडा तसाच राहिला तर पेल्यात कुजतो, पाण्याला वास येतो, आणि ती कूज खाली बुडापर्यंत उतरू शकते. त्यानंतर मधल्या पेल्यात पाणी भरून ठेवायचं नाही. कुंडीतलं माध्यम ओलसर असलं की पुरे. पूर्ण वाळलेलं पान काढावं, अर्धं हिरवं असलेलं राहू द्यावं, टोक तपकिरी झालं असेल तर फक्त टोक कापावं.

एप्रिलमध्ये पिल्लू दिसतं. एक्मिया किंवा निओरेगेलिया या ब्रोमेलियाडांची पिल्लं आईपासून थोडी लांब, जाडसर दांड्याच्या टोकाला येतात, त्यामुळे ती सहज ओळखू येतात आणि कापायलाही सोपी. गुझमानियाचं तसं नाही. तिचं पिल्लू आईच्या पानांच्या आतच, खोडाला चिकटून, अगदी कुशीत बसल्यासारखं येतं. आईची पानं हलकेच बाजूला केल्याशिवाय ते दिसत नाही. सुरुवातीला ते फिकट हिरवं, टोकदार आणि मिटलेलं असतं, आणि पुष्कळांना ते आईचंच नवं पान वाटतं. ओळखायची खूण अशी की नवं पान मधोमध पेल्यातून यायला हवं, आणि आईचा पेला तर आता बंद झालाय. कडेच्या बेचक्यातून आलेलं टोक म्हणजे पिल्लूच.

जूनपर्यंत ते तीन इंच होतं, पावसाळी हवा छान असते, आणि हात शिवशिवतात. इथे थांबावं. तीन इंचांच्या पिल्लाला ना पुरेशी पानं असतात ना घट्ट बूड. कापलं तर काही आठवडे ते तसंच हिरवं दिसतं आणि मग पानं आत वळून सुकत जातं, कारण मुळं फुटेपर्यंत पुरेल एवढी शिदोरीच त्याच्याकडे नसते. जाणकार एक साधं माप पाळतात. पिल्लू आईच्या एक तृतीयांश तरी व्हावं, निम्मं झालं तर फारच चांगलं. पंधरा इंचांच्या आईला हे माप पाच ते साडेसात इंचांचं येतं. इंचांइतकीच दुसरीही खूण बघावी. पिल्लाचा स्वतःचा छोटा पेला झालाय का, बूड बोटाला लाकडासारखं टणक लागतंय का? बुडाशी मुळांचे बारीक फुगवटे दिसले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. ती नंतर येतात.

आपल्या गॅलरीतल्या झाडाचं पिल्लू सप्टेंबरात सहा इंचांचं झालं, आठ-नऊ पानं आली. हवा अजून उबदार आणि दमट आहे, थंडी यायला दोन महिने आहेत. हीच वेळ.

कुंडी आडवी करून झाड मुळांसकट बाहेर काढावं, म्हणजे बूड नीट दिसतं. मग पिल्लाला झाकणारी आईची खालची पानं काढायची. ती ओढून काढायला गेलं तर खोड सोलवटतं आणि कधी पिल्लूही सोबत तुटून येतं. त्याची युक्ती वेगळी आहे. पानाच्या टोकाशी मधोमध चीर द्यावी, दोन हातांत दोन भाग धरावेत आणि केळीचं सोपट फाडावं तसं पान उभं बुडापर्यंत फाडत न्यावं. मग एक भाग डावीकडे आणि एक उजवीकडे ओढला की दोन्ही अलगद सुटतात. अशी तीन-चार पानं निघाली की पिल्लू आईला जिथे जुळलंय तो सांधा उघडा पडतो. स्पिरिटने पुसलेली अरुंद सुरी आईच्या खोडाला लागून खाली घालावी आणि एकाच कापात पिल्लू वेगळं करावं. काप आईच्या बाजूने घ्यायचा. आईचं थोडं खोड पिल्लाबरोबर आलं तर चालतं, पिल्लाचं बूड आईकडे राहिलं तर मात्र त्याची पानं सुटी होऊन हातात येतात आणि काम संपतं.

कापलेलं पिल्लू लगेच लावायचं नाही. सावलीत, वारा लागेल अशा जागी एक दिवस ठेवावं. जखम कोरडी पडून तिच्यावर पापुद्रा आला की बुरशीला शिरायला वाट राहत नाही.

कुंडी चार इंचांची, मोठी नको. मोठ्या कुंडीतलं माध्यम आठवडाभर ओलं राहतं आणि मुळं नसलेलं बूड त्यात कुजतं. माती तर नकोच, काळी माती अजिबात नको. हे फांदीवर बसणारं झाड आहे, त्याच्या बुडाला हवा लागते. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, कोळशाचे तुकडे एक भाग आणि कोकोपीट एक भाग, एवढं मिश्रण पुरतं. सोडणाचे तुकडे आधी रात्रभर भिजवून दोन-तीनदा पाणी बदलावं, त्यातला खारटपणा निघून जातो. पिल्लू अर्धा ते एक इंचच आत जाईल असं लावावं. पानांचा सांधा मिश्रणाखाली गेला की तिथूनच कूज सुरू होते.

इतकं वर लावलेलं पिल्लू डुलतं, आणि डुलणाऱ्या बुडाला मुळं धरत नाहीत. नाजूक मूळ फुटतं, हलल्यावर मोडतं, पुन्हा फुटतं, पुन्हा मोडतं. म्हणून बांबूच्या दोन काड्या दोन्ही बाजूंना रोवून सुतळीने सैल बांधावं. तांब्याची तार वापरू नये. ब्रोमेलियाडला तांबं विषासारखं आहे. मोरचूद, बोर्डो मिश्रण, तांबंयुक्त कुठलंही बुरशीनाशक, इतकंच काय, शोभेसाठी आणलेलं तांब्याचं घंगाळ, यांतलं काहीही या झाडाजवळ नको. द्राक्ष-डाळिंबावर बोर्डो फवारणाऱ्या महाराष्ट्रात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बागेत उरलेलं औषध कुंडीवरही मारायची सवय असते, आणि बुरशीतून वाचलेलं झाड औषधाने जातं.

पहिले पाच-सहा आठवडे उजेडाची पण ऊन न लागणारी जागा द्यावी. पिल्लाच्या पेल्यात थोडं पाणी असावं, मिश्रण नुसतं दमट असावं. बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर आणि पेल्याच्या काठावर पांढरी पुटं चढतात आणि पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर तेच वापरावं. पेल्यातलं पाणी दर आठवड्याला कुंडी तिरकी करून ओतून द्यावं आणि ताजं भरावं. हे झाडाइतकंच घरातल्या माणसांसाठीही आहे. डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचे डास होतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीच शहराने झिकाच्या साथीत सार्वजनिक जागेतली ब्रोमेलियाडं उपटून काढली होती, ती या पेल्यांमुळेच. आठवड्याला एकदा पेला रिकामा केला की झाड काढायची वेळ येत नाही.

सहा आठवड्यांनी पिल्लू बोटाने अगदी हलकं वर ओढून बघावं. अडलं तर मुळं धरली. मग काड्या काढाव्यात आणि महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम एवढंच मिश्रणावर द्यावं. पेल्यात घालू नये, शेवाळ येतं आणि कोवळं पान भाजतं.

बिघडलं तर ते कळतं कसं? मधलं पान धरून ओढलं आणि ते सहज निघून आलं, त्याचं बूड तपकिरी, मऊ आणि वास मारणारं असलं, तर कूज मधल्या शेंड्यापर्यंत पोहोचली आहे आणि ते पिल्लू गेलं. पण मधलं पान घट्ट आहे आणि फक्त खालचं बूड मऊ झालंय, तर पांढरा, टणक भाग लागेपर्यंत कापावं, दोन दिवस सुकवावं आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावं. असं पिल्लू वाचू शकतं. पानं लांबुळकी, लोंबती आणि काळपट हिरवी होत चालली तर उजेड कमी पडतोय. फिकट, पिवळट पडून त्यांच्यावर तपकिरी डाग आले तर ऊन जास्त होतंय. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन गुझमानियाला मानवतं. नागपूरकडच्या मे महिन्यातली दुपार तिला आडोशाला काढावीच लागते.

इकडे आईचं काय? तिला फेकायचं नाही. पिल्लू काढल्यावर तिला पुन्हा त्याच कुंडीत बसवावं. एक पिल्लू गेलं की पुष्कळदा दुसरा डोळा जागा होतो, आणि आणखी एक-दोन पिल्लं देऊन मगच ती पूर्ण वाळते. ज्यांना कापाकापी नको त्यांनी पिल्लू जागेवरच वाढू द्यावं. आई वाळत गेली की तिची पानं एकेक करून काढायची, शेवटी उरलेलं खोड कापून टाकायचं आणि त्याच कुंडीत पिल्लू तिची जागा घेतं. गुझमानियाचं पिल्लू कधी कधी इतकं वर, मधल्या पेल्याच्या लगत येतं की ते सुरीने वेगळं करणं जमतच नाही. व्ह्रिसिया नावाच्या, तलवारीसारखा तुरा येणाऱ्या ब्रोमेलियाडचंही पुष्कळदा असंच होतं. अशा वेळी हाच एक मार्ग असतो, आणि खरं तर तोच जास्त भरवशाचा, कारण आईचं उरलंसुरलं सगळं पिल्लाला मिळतं.

पिल्लू लावल्यापासून फुलायला साधारण दोन वर्षं धरावीत, जातीप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे एखादं वर्ष इकडेतिकडे. मोठं करून काढलेलं पिल्लू लवकर फुलतं, घाईने काढलेलं उशिरा, म्हणजे जूनमध्ये वाचवलेले तीन महिने पुढे दामदुपटीने जातात.

पूर्ण वाढूनही तुरा येत नसेल तर एक जुना उपाय आहे, आणि त्याचं शास्त्र मराठी घरांना आढीतल्या आंब्यांमुळे ठाऊक आहे. गवतात घातलेले आंबे एकमेकांच्या उबेने पिकतात असं आपण म्हणतो. त्या उबेबरोबर तिथे पिकत्या फळांमधून सुटणारा इथिलीन वायूही कोंडलेला असतो. हाच वायू ब्रोमेलियाडच्या शेंड्याला तुरा व्हायचा हुकूम देतो. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरांत धूर झाला आणि झाडं एकाच वेळी फुलायला लागली. त्या धुरातला करामती वायू म्हणजे इथिलीन, हे नंतर कळलं. आजही अननसाची बाग एकसाथ फुलवायला शेतकरी इथिलीन सोडणारं औषध गड्ड्यात ओततात, आणि नर्सरीतली गुझमानिया नेमकी दिवाळीला फुललेली असते तीही अशीच.

घरी औषधाची गरज नाही. पेल्यातलं पाणी ओतून टाकावं, कुंडीच्या मिश्रणावर एक चांगलं पिकलेलं सफरचंद ठेवावं आणि कुंडीसकट झाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावं. पिशवी सावलीत ठेवावी, उन्हात आत झाड शिजतं. आठ-दहा दिवसांनी पिशवी काढून पेल्यात पाणी भरावं. दीड ते तीन महिन्यांत पेल्याच्या तळाशी लाल झाक दिसते. झाड लहान असेल तर मात्र हा प्रयोग करू नये. शेंडा हुकूम मानतो, पण तुरा खुरटा येतो आणि मागे ठेवायला पिल्लंही धड होत नाहीत. पानं निदान आईच्या पानांएवढी लांब झाली असतील तरच सफरचंद आणावं.

तुरा आला की या झाडाचंही शेवटचं पान येऊन गेलं. पुढच्या उन्हाळ्यात खालची पानं बाजूला करून बघावं, नखाएवढं हिरवं टोक तिथे असेल. सहा इंचांचं होईपर्यंत त्याला हात लावू नये.